समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळे

दोन त्रिकोणांचे कोन अनुक्रमे समान असले म्हणजे त्यांच्या संगत बाजू प्रमाणात असतात व अशा त्रिकोणांना समरूप त्रिकोण म्हणतात. समान कोनांसमोरील बाजू त्या संगत बाजू होत. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हे त्यांच्या संगत बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके असते, असे प्रस्तुत प्रमेय सांगते. बाजू दुप्पट केल्यास क्षेत्रफळ दुप्पट न होता चौपट होते आणि बाजू निम्मी केल्यास ते चतुर्थांश उरते.

सिद्धता : कखग व पफब हे समरूप त्रिकोण असून क, ख, ग या शिरोबिंदूंशी अनुक्रमे प, फ, ब हे शिरोबिंदू संगत आहेत असे मानू. क पासून खग या पायावर कम हा लंब व प पासून फब या पायावर पन हा लंब काढावा. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया व उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे असल्याने दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर (खग × कम) / (फब × पन), म्हणजे (खग / फब) × (कम / पन) इतके येते.

यातील पहिला अवयव संगत बाजूंचे गुणोत्तर आहेच. दुसराही तेवढाच आहे हे दाखवावयाचे उरते. कखम व पफन या त्रिकोणांत म व न येथील कोन काटकोन आहेत आणि ख व फ येथील कोन समान आहेत. म्हणून हे दोन त्रिकोणही समरूप होत व कम / पन = कख / पफ. परंतु मूळ त्रिकोणांच्या समरूपतेवरून कख / पफ = खग / फब. यावरून क्षेत्रफळांचे गुणोत्तर (खग / फब)² हे सिद्ध होते. ख हा कोन विशाल असल्यास लंबपाद पायाच्या वाढविलेल्या भागावर पडतो. तेव्हा ख व फ यांचे पूरक कोन समान असल्याने तोच युक्तिवाद लागू पडतो. ख काटकोन असल्यास कख व पफ याच उंची होत आणि वेगळ्या सिद्धतेची गरज राहत नाही.

यूक्लिड यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या सहाव्या भागात हे प्रमेय एकोणिसावे आहे. त्यांची सिद्धता निराळी आहे. खग ही फब पेक्षा मोठी असताना तीवर घ हा बिंदू असा घेतात की, खग : फब = फब : खघ. मग कखघ व पफब हे त्रिकोण समक्षेत्र ठरतात. कखग व कखघ यांची उंची एकच असल्याने त्यांची क्षेत्रफळे खग व खघ यांच्या प्रमाणात असतात आणि हे प्रमाण खग व फब यांच्या गुणोत्तराचा वर्गच होय.

उदाहरण : एका त्रिकोणी शेताचा पाया १४० मी. व उरलेल्या बाजू १५० मी. व १३० मी. आहेत. त्याची उंची १२० मी. व क्षेत्रफळ ८,४०० चौ. मी., म्हणजे ८४ आर येते. पायाला समांतर बांध घालून दोन भावांत त्याच्या समान वाटण्या करावयाच्या आहेत. दोन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडणे सोपे वाटते. परंतु तसे केल्यास वरच्या त्रिकोणाचा पाया ७० मी. व उंची ६० मी. होऊन त्याच्या वाट्यास २१ आरच येतात. दुसऱ्यास ६३ आर, म्हणजे तिप्पट जमीन मिळते.

क्षेत्रफळांचे गुणोत्तर १/२ हवे असल्याने बाजूंचे गुणोत्तर १/√२, म्हणजे सुमारे ०·७०७१ असले पाहिजे. म्हणून शिरोबिंदूपासून १५० मी. बाजूवर १०६·०७ मी. व १३० मी. बाजूवर ९१·९२ मी. अंतरावर खुणा कराव्यात. बांधाची लांबी ९८·९९ मी. भरली पाहिजे, ती तशी न भरल्यास मापनात किंवा खुणांत चूक आहे असे समजावे. वरच्या त्रिकोणाची उंची ८४·८५ मी. असल्याने त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौ. मी. येते व खालच्या समलंब चौकोनाचेही तेवढेच राहते.

वर्गाच्या या संबंधामुळे मापनातील चूकही वाढते. साखळी एक टक्का आखूड असल्यास प्रत्येक लांबी सुमारे एक टक्का जास्त मोजली जाते, तर क्षेत्रफळ सुमारे दोन टक्के जास्त येते. सर्व बाजू एकाच प्रमाणात बदलल्या असतील तरच हे प्रमेय लागू पडते. वरील शेताचा पाया तोच ठेवून केवळ उंची दुप्पट केली, तर क्षेत्रफळ दुप्पटच होते, कारण नवा त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप राहत नाही. तसेच केवळ क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून त्रिकोण समरूप आहेत असे अनुमान काढता येत नाही.