वरणभात शेवटी

मराठी पंगतीत जेवणाला सुरुवात होते ती वरणभाताने. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजव्या बाजूला भाजी-उसळ आधीच वाढून झालेली असते. पण पहिला घास उचलला जातो तो पानाच्या मधल्या मुदीचा, वरून तुपाची धार सोडलेल्या भाताचा. मधुमेह असलेल्या माणसासाठी ही सुरुवात सोयीची नाही. बरं, उजवी-डावी बाजू आधी संपवायची आणि मूद शेवटी घ्यायची, एवढा बदल केला तर? ताटात पदार्थ तेच आणि तेवढेच. तरीही जेवणानंतरची साखर निराळी चढते, हे गेल्या पंधराएक वर्षांत अनेक छोट्या प्रयोगांतून दिसलं आहे.

यातला सर्वांत जास्त चर्चा झालेला प्रयोग २०१५ मधला, न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातला. डॉ. अल्पना शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ मधुमेही लोकांना दोन वेळा तंतोतंत एकच जेवण दिलं. त्यात पाव, संत्र्याचा रस, भाजलेलं चिकन, सॅलड आणि लोणी घातलेली वाफवलेली ब्रोकोली होती. पहिल्या दिवशी आधी पाव आणि रस, मग पंधरा मिनिटांनी चिकन आणि भाज्या. आठवड्याने क्रम उलटा. भाज्या-चिकन आधी खाल्ल्यावर अर्ध्या तासाची साखर सुमारे २९ टक्क्यांनी, तासाभराची ३७ टक्क्यांनी आणि दोन तासांची १७ टक्क्यांनी कमी आली. इन्शुलिनही कमी स्रवलं होतं, म्हणजे स्वादुपिंडाला जास्त राबवून साखर खाली आणली, असं झालेलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, आधी नुसता पाव आणि नंतर कोंबडी असं जेवतं कोण? शंका रास्त आहे. म्हणून त्याच गटाने २०१७ मध्ये तिसरा प्रकार जोडला, सगळं एकत्र खाण्याचा. आपण पोळीच्या तुकड्यात भाजी उचलतो, त्याच्या जवळ जाणारा हा प्रकार. एकत्र खाण्याच्या तुलनेत पाव शेवटी खाल्ल्यावर साखरेची उसळी चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. आपल्या उपयोगाचा आकडा हा आहे.

हे होतं कसं? खरी जागा आहे जठराच्या तळाशी. तिथल्या झडपेतून अन्न लहान आतड्यात थोडं थोडं सुटतं, आणि भात रक्तात साखर म्हणून उतरायला सुरुवात होते ती आतड्यात गेल्यावर. रिकाम्या जठरात नुसता मऊ भात पडला की तो झपाट्याने पुढे सरकतो. आधी प्रथिनं आणि थोडं तेल-तूप आतड्यात पोचलेलं असेल तर आतड्याच्या भिंतीतून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक जास्त स्रवतं. ते जठराला सबुरीने घ्यायला लावतं आणि स्वादुपिंडाला वेळेवर इन्शुलिन सोडायची सूचना देतं. वजन घटवण्याच्या ज्या इंजेक्शनांची सध्या चर्चा आहे, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. अर्थात इंजेक्शनाचा परिणाम कितीतरी जोरकस असतो आणि जेवणाचा त्यामानाने सौम्य. भाज्यांमधला चोथा पचणाऱ्या अन्नाला दाट करून ठेवतो, त्यामुळे साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचते.

जपानमधल्या एका प्रयोगात हा जठराचा भाग प्रत्यक्ष मोजला गेला. कोकण-गोव्याच्या वाचकांना तो जवळचा वाटेल, कारण त्यात भात आणि मासा होता, मासाही बांगड्याच्याच कुळातला. भाताच्या पंधरा मिनिटं आधी मासा खाल्ला, तेव्हा जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागला, जीएलपी-१ वाढलं आणि साखर कमी चढली. म्हणजे तळलेला बांगडा भाताबरोबर तोंडी लावण्यापेक्षा आधी संपवून टाकलेला बरा. फक्त त्याला रव्याचं जाड आवरण नसावं.

आता आपलं रोजचं ताट घेऊ. दोन मध्यम पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर पातळ वरण, एक भाजी. पोळ्या आणि भात मिळून पिष्ट साधारण ७० ग्रॅम होतं. योगायोगाने न्यूयॉर्कच्या जेवणातही पिष्ट जवळपास तेवढंच होतं, ६८ ग्रॅम. फरक आहे तो दुसऱ्या पारड्यात. तिथे प्रथिनं होती ५५ ग्रॅम. आपल्या ताटात पोळ्यांमधली धरूनही ती पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि पोळी तर शेवटी खायची आहे. आधी खाण्याजोगी उरतात सहा-सात ग्रॅम. त्यामुळे चार काकड्या चघळून ‘मी आता क्रमाने जेवतो’ म्हणणाऱ्यांना फरक थोडाच दिसतो, आणि मग ते या सगळ्याला फॅड ठरवून मोकळे होतात.

ताट तेच ठेवून हे दुरुस्त करता येतं. पातळ वरणाऐवजी मोड आलेल्या मटकीची दाटसर उसळ वाटीभर घेतली तर आठ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन अंड्यांतून बारा-तेरा, पन्नास ग्रॅम पनीरमधून नऊच्या आसपास. बिनसाखरेच्या दह्यातली कोशिंबीर चोथा आणि प्रथिनं दोन्ही आणते. कडधान्यात पिष्टही असतं, पण ते भातापेक्षा सावकाश पचतं, म्हणून उसळ पहिल्या फेरीत चालते. बटाटा, रताळं, सुरण, साबुदाणा यांची गणती मात्र भाजीत करू नये. उपासाच्या दिवशी तर सगळं ताटच ‘शेवटी खायच्या’ गटातलं असतं.

रोज अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपली भाजी पोळीबरोबर खाण्यासाठी बेतलेली असते. मीठ, तिखट, गोडा मसाला सगळं पोळीच्या हिशोबाने पडलेलं असतं, आणि ती नुसती वाटीभर खाल्ली तर खारट लागते. रक्तदाब असलेल्याच्या पोटात तेवढं मीठ नुसतं जाणंही बरं नाही. म्हणून क्रम बदलायचा तर फोडणीपासून बदल करावा लागतो. दुधी, दोडका, फरसबी, कोबी, पडवळ अशा भाज्या निम्म्या मिठात, गूळ न घालता, थोड्या करकरीत ठेवायच्या. मुगाची डाळ पेरली की खाणाऱ्याला चव आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. ही भाजी दोन वाट्या करायची. दीड वाटी सुरुवातीला, उरलेली पोळीशी. घरात वेगळी भाजी करणाऱ्या बाईच्या कामात यामुळे भर पडते, हे डॉक्टरांच्या सल्ल्यात कधी लिहिलेलं नसतं. सगळ्यांसाठीच अशी भाजी करून ज्याला हवं त्याने वरून मीठ-चटणी घ्यावी, हे जास्त टिकतं.

मग जेवण असं लागतं. कोशिंबीर आणि भाजी चावून चावून, मग उसळ किंवा अंडी किंवा मासा. याला दहा-बारा मिनिटं सहज जातात. प्रयोगांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलेलं असतं, पण सावकाश जेवणाऱ्याला घड्याळ लावायची गरज नाही. त्यानंतर पोळी आणि अगदी शेवटी भात. भातापर्यंत येईतो बहुतेकांचं पोट भरत आलेलं असतं आणि वाटीऐवजी दोन घास पुरतात. माझ्या मते रोजच्या जगण्यात निम्मा फायदा इथेच होत असावा. क्रमाने साखर सावकाश चढते, पण भाताचं पिष्ट नाहीसं होत नाही. मोठी मूद आणि वर दोन जिलब्या शेवटी खाल्ल्या म्हणून माफ होत नाहीत.

फरक पडतो का, हे घरच्या ग्लुकोमीटरवर पाहता येतं, पण त्यात एक फसगत होते. बहुतेक जण जेवणानंतर फक्त दोन तासांनी साखर तपासतात. उदाहरणादाखल आकडे घेऊ. सगळं एकत्र जेवल्यावर समजा जेवणाआधी १३०, तासाने २४०, दोन तासांनी २०० आली. दुसऱ्या दिवशी तेच जेवण क्रमाने जेवल्यावर आधी १३०, तासाने १८०, दोन तासांनी १९०. फक्त दोन तासांचा आकडा पाहणारा म्हणेल, दहाच उतरली, ग्लुकोमीटरची चूकही तेवढी असते. तासाच्या आकड्यातली ६० ची घट त्याला दिसलीच नाही. क्रमाने जेवल्यावर शिखर बुटकं होतं आणि पुढेही सरकतं. म्हणून तासाने आणि दोन तासांनी, दोन्ही वेळा बघावं. वेळ पहिल्या घासापासून मोजावी, जेवण दोन्ही दिवशी वजन करून सारखं ठेवावं आणि हात धुऊन कोरडे करावेत. बोटाला गुळाचा अंश राहिला तरी आकडा उडी मारतो. एका दिवसावर भरवसा ठेवू नये, असे दोन-तीन जोड दिवस घ्यावेत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. हे बहुतेक प्रयोग दहा-वीस माणसांवर आणि एकेका जेवणापुरते झालेले आहेत. केवळ क्रम बदलून तीन महिन्यांची सरासरी साखर वर्षानुवर्षं किती उतरते, याचा पुरावा पातळ आहे. क्योटोच्या डॉक्टरांनी रुग्णांना आधी भाजी खायला शिकवून दोन वर्षं पाहिलं आणि सरासरी सुधारलेली आढळली, पण सगळीकडे निकाल इतका स्पष्ट आलेला नाही. औषधाची जागा हा क्रम घेत नाही.

काहींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरूही करू नये. जेवणाआधी जलद काम करणारं इन्शुलिन घेणाऱ्याचं औषध पाव तासात कामाला लागतं. पोळी-भात वीस मिनिटं लांबला, वर कमीही खाल्ला, तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, गरगर सुरू होऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनाही हेच लागू. अशांना मात्रा किंवा वेळ बदलून घ्यावी लागते. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारायलाच हवं. जुन्या मधुमेहात ज्यांचं जठरच मंदावलेलं आहे, जेवणानंतर तासन् तास पोट जड राहतं, उलटीची भावना होते, त्यांना जठर आणखी सावकाश करणं सोसत नाही.

राहतात ते असे पदार्थ, ज्यांत क्रम लावायला जागाच नाही. खिचडी, पोहे, उपमा, मसालेभात यांत डाळ, भाजी आणि पिष्ट एकाच घासात येतात. तिथे एकच करता येतं, बशी समोर येण्याआधी काहीतरी खाऊन घेणं. पोह्यांच्या आधी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर वाफवलेली मोड आलेली कडधान्यं, खिचडीच्या आधी काकडी-टोमॅटो घातलेलं दही. मिसळ त्यामानाने सोपी. आधी मटकी चमच्याने खायची, फरसाण जपून घ्यायचं, पाव शेवटी आणि एकच.