चिपिंग मशीन : भाड्याने की विकत?

जुन्या फ्लॅटमधलं बाथरूम नव्याने करायचं ठरलं की पहिलं काम फोडाफोडीचं. भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स काढायच्या, त्यांच्याखालचा मसाला उकरायचा आणि मग नळाच्या पाइपांसाठी भिंतीत खाचा मारायच्या. हातोडा-छिन्नीने हे काम कित्येक दिवस चालतं, म्हणून चिपिंग मशीन आणलं जातं. फ्लॅटमधल्या अशा कामाला पाच किलोच्या आसपासचं मशीन पुरतं. पंधरा किलोचा ब्रेकर जाड काँक्रीट फोडण्यासाठी असतो. तो बाथरूममध्ये लावला तर खालच्या स्लॅबला हादरे बसतात आणि खालच्या घराच्या छताचं प्लास्टर सुटू शकतं.

मशीनचं वजन ठरलं की प्रश्न येतो पैशांचा. दर गावागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे हिशेब समजण्यापुरते आकडे धरू. भाडं दिवसाला 500 रुपये, डिपॉझिट 3000, नेण्या-आणण्याची रिक्षा 300 आणि छिन्नीला धार लावण्याचे 100. काम तीन दिवसांत झालं तर भाड्याचे 1500 आणि वरचे 400, असे एकूण 1900 रुपये गेले. डिपॉझिट परत मिळतं, म्हणून ते खर्चात धरायचं नाही. मात्र तेवढी रक्कम काही दिवस हाताशी असावी लागते.

तेच मशीन नवं घेतलं तर 7000 रुपये, जास्तीच्या छिन्न्या 500, पुढे कार्बन आणि ग्रीस यांचे 300. एकूण 7800. काम संपल्यावर ते 3000 रुपयांना विकलं गेलं, तर खरा खर्च 4800 उरतो. म्हणजे तीन-तीन दिवसांची दोन कामं असतील तर भाड्याचे 3800 होतात आणि भाडंच स्वस्त पडतं. तिसरं काम निघालं की भाडं 5700 वर जातं आणि विकत घेणं परवडतं. एकाच सलग कामात ही रेषा नवव्या दिवशी ओलांडली जाते. मशीन विकणारच नसाल, तर पंधराव्या दिवशी.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात भाड्याचा हिशेब बिघडतो तो रिकाम्या दिवसांमुळे. भाडं चोवीस तासांचं द्यायचं, पण अनेक सोसायट्यांमध्ये आवाजाच्या कामाला सकाळचे आणि दुपारचे मिळून पाच-सहा तासच मुभा असते आणि रविवारी काम बंद. त्यात डेब्रिज उचलणारा आला नाही की फोडलेला माल दारात साचतो आणि गवंड्याला पुढे फोडायला जागा उरत नाही. खाचा कुठून न्यायच्या हे प्लंबरने अजून सांगितलेलं नसतं, म्हणून मशीन परतही करता येत नाही. तीन दिवसांचे असे सहा झाले की 1900 चे 3400 होतात.

यावर उपाय मशीन आणण्याआधीच करायचा असतो. सोसायटीची परवानगी हातात घ्यावी, गोण्या आणि टेम्पो ठरवून ठेवावा. पाइप कुठून जाणार याच्या रेघा प्लंबरकडून भिंतीवर आधीच मारून घ्याव्यात. टाइल्स निघाल्या की त्या पुन्हा मारता याव्यात म्हणून मापं लिहून ठेवावीत. मशीन सोमवारी सकाळी आणावं, शनिवारी आणून रविवारचं भाडं भरू नये. गवंडी स्वतःचं मशीन आणणार असेल, तर त्याच्या दरात ते धरलंय का, हेही आधीच विचारावं. नाहीतर एकाच कामाचे दोनदा पैसे जातात.

दुसरा धोका डिपॉझिटचा. बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनवर मशीन चालवलं तर त्याला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, मोटर तापते आणि शेवटी आर्मेचर जळतं. ती दुरुस्ती बहुधा डिपॉझिटमधून कापली जाते. म्हणून दुकानातच मशीन एक मिनिट चालवून पाहावं. मोटरच्या फटींतून मोठ्या ठिणग्या दिसणं, जळका वास येणं, आवाज मध्येच पडणं ही झिजलेल्या कार्बनची किंवा थकलेल्या आर्मेचरची लक्षणं आहेत. असं मशीन घेऊ नये. घेतलेल्या मशीनची अवस्था आणि परतीची वेळ पावतीवर लिहून घ्यावी.

साध्या ड्रिल मशीनचं गणित मात्र उलटं आहे. ते अडीच हजारांना मिळतं असं धरा. भाडं 200 आणि येण्याजाण्याचे 200 म्हटले, तर सातव्या खेपेला भाडं किमतीच्या पुढे जातं. पडदे, फळ्या, गीझर, आरसा अशी भोकं घरात वर्षभर अधूनमधून पाडावी लागतात, तीही एका वेळी दोन-चारच. त्यामुळे ड्रिल घरात असावं आणि चिपिंग मशीन भाड्याने आणावं, हा बहुतेक कुटुंबांना परवडणारा मार्ग आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वयंपाकघर, गच्ची आणि दुसरं बाथरूमही फोडायचं नक्की असेल, तरच चिपिंग मशीन विकत घेण्याचा विचार करावा.