‘खूप वाईट वाटलं’ ऐकू कसं येणार?

आपल्या ‘आठवण’ सदरासाठी श्रोत्यांकडून जे लेखन येतं, ते वाचायचं काम गेले काही महिने माझ्याकडे आहे. त्यातल्या एका परिच्छेदाबद्दल आज बोलतो. लिहिणाऱ्यांची परवानगी घेतली आहे.

त्यांचे बाबा मे महिन्यात न्यू जर्सीला आले आणि नोव्हेंबरात परत गेले. मूळ परिच्छेद असा होता: “बाबा भारतात परत गेले. घर अगदी सुनं सुनं वाटू लागलं. मन उदास झालं. त्यांची उणीव पदोपदी जाणवत होती.”

पहिलं वाक्य बातमी आहे, ते हवंच. पुढची तिन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात, आणि ती कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाबांना लागू पडते. माझ्या नोकरीत ‘सिस्टीम हळू चालते’ अशी तक्रार आली, की आम्ही विचारतो, कुठल्या स्क्रीनवर? काय करत होतात? किती सेकंद थांबलात? तसंच मी त्यांना विचारलं, “सुनं वाटलं ते नेमकं कधी? तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?”

आठवड्याने दुसरा खर्डा आला. त्यात काळीज गलबललं होतं, कंठ दाटला होता, डोळे पाणावले होते. हा मोह सगळ्यांनाच होतो. भावनेऐवजी शरीराबद्दल लिहिलं म्हणजे चित्र उभं राहिलं, असं वाटतं. पण हे शब्दप्रयोग इतके वापरून गुळगुळीत झालेत, की ऐकणाऱ्याला त्यातला कंठ दिसतच नाही, फक्त ‘दुःख’ एवढंच कळतं. तिसऱ्या खर्ड्यात उलट झालं. बाबांच्या बामचा वास, आल्याचा चहा, चपलांचा आवाज, कानटोपी, खोकला, सगळं एका दमात. म्हणजे सामानाची यादी. छापील पानावर वाचक मागे वळून बघू शकतो. रेडिओवर चौथी वस्तू येईपर्यंत पहिली विसरलेली असते.

मग फोनवर बोलता बोलता ते सहज म्हणाले, “गंमत सांगू का, थर्मोस्टॅटवरून आमची रोज भांडणं व्हायची हो.” मी म्हटलं, हेच लिहा. माणूस घरात असताना ज्या गोष्टीचा त्रास व्हायचा, ती तो गेल्यावर बरंच काही बोलते. प्रेमळ आठवणींपेक्षा जास्त, असं माझं मत.

शेवटी परिच्छेद असा झाला:

“नोव्हेंबरात बाबा परत गेले. महिनाभर मी थर्मोस्टॅट ६८ वर आणायचो आणि बाबा गुपचूप ७६ वर न्यायचे. त्यावरून दोनदा आमची चांगलीच वाजली होती. त्या रात्री विमानतळावरून परतलो तेव्हा दीड वाजला होता. दार उघडताच अंगाला ऊब लागली. जिन्यापाशी ७६ दिसत होतं. बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात तळघरात हीटर घुरघुरत सुरू झाला. बोट काढलं, दिवा मालवला आणि वर गेलो.”

भावनेचं नाव कुठेच नाही. ऊब आहे, एक आकडा आहे, एक आवाज आहे, आणि न केलेली एक कृती आहे.

भांडणाचं वाक्य मात्र फार महत्त्वाचं. आधीच्या आवृत्तीत ते नव्हतं. मी घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, “बिलाची काळजी वाटली का त्यांना?” तिचं चुकलं नव्हतं. तपशील स्वतःहून बोलत नाही. त्याचा अर्थ लावायला लागणारी माहिती आधी आणि सरळ सांगावी लागते. म्हणून वाचून दाखवल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, लोक ‘छान’ म्हणतात. ‘त्याला काय होत होतं?’ असं विचारा. उत्तर भलतंच आलं, तर बहुधा मागचं एखादं वाक्य राहिलेलं असतं.

आवाजाच्या बाबतीत मराठी आपल्याला बरंच काही फुकट देते. पाऊस ‘रिमझिम’ पडला की बरं वाटतं, ‘रिपरिप’ लागली की वैताग येतो. पाऊस तोच. दार ‘धाडकन’ लागलं की राग कळतो, ‘करकरलं’ की कुणीतरी जपून आत येतंय हे कळतं. पण परिच्छेदात असा एखादाच शब्द पुरे. तीन आले की बालगीत होतं.

आणि प्रत्येक वाक्याला हे करायचं नाही. ‘सहा महिने बरे गेले’ हे नुसतं सांगून पुढे जावं. जिथे ऐकणाऱ्याने थांबायला हवं, तिथेच थांबायचं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी विचारलं, “शेवटी ‘बाबांची खूप आठवण आली’ एवढं तरी घालू का?” एकदा घालून वाचलं, एकदा गाळून वाचलं. गाळलेलं ठेवलं. पुढच्या भागात ते त्यांच्याच आवाजात ऐकाल.