फोनच्या अपडेटची मुदत कधीपासून मोजायची?

फोनला अपडेट किती वर्षे मिळतील, याचे वचन सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजले जाते, ग्राहकाने ते विकत घेतल्यापासून नाही. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि त्याला सात वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंतची हमी आहे. तोच फोन ऑक्टोबर २०२६ मध्ये सवलतीत घेतला, तर हाती चारच वर्षे उरतात. किंमत या उरलेल्या वर्षांनी भागून पाहिली, की स्वस्त वाटणारा जुना फोन पुष्कळदा महाग ठरतो.

मुदत संपली तरी फोन चालतो, म्हणूनच धोका लक्षात येत नाही. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी गूगल जाहीर करते. त्या ज्या फोनमध्ये बुजवल्या जात नाहीत, तिथे हल्लेखोराला वाट आयती कळते. प्रोसेसर किंवा मोडेमच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमधील दोष तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीशिवाय फोन कंपनीलाही सहसा दुरुस्त करता येत नाहीत.

सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती कित्येक महिने मागे असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत.