बुश बनण्याआधीचा बुशचा खर्च

प्रमाण खर्च, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत स्टँडर्ड कॉस्ट, हा वस्तू बनण्याआधी मांडलेला आकडा असतो. ठरलेल्या प्रतीचा माल, ठरलेली पद्धत आणि नेहमीची परिस्थिती असेल तर एका नगाला किती खर्च यायला हवा, हे तो सांगतो. महिनाअखेरीला बिले, पगार आणि वीजबिल यांची बेरीज करून नगांनी भागले की निघतो तो प्रत्यक्ष खर्च. त्यात वाया गेलेला माल आणि बंद पडलेली यंत्रेही मुरलेली असतात, त्यामुळे खर्च जास्त झाला की रास्त झाला हे त्यावरून कळत नाही. ते कळायला प्रमाण खर्च लागतो. तो तीन ठिकाणांहून येतो: ड्रॉइंगवरून मालाचे वजन, घड्याळावरून कामाचा वेळ आणि वर्षाच्या अंदाजपत्रकावरून वरकड खर्चाचा दर.

भोसरी किंवा चाकणला सीएनसी लेथवर जॉब काढणाऱ्या शेड भरपूर आहेत. अशा शेडमधला एक साधा पोलादी बुश घेऊ. बाहेरचा व्यास ३८ मिमी, आतले भोक २० मिमी, लांबी ५० मिमी. माल ईएन ८, ४० मिमी व्यासाचा गोल बार, लांबी ३ मीटर. पुढचे रुपयांचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, रीत मात्र नेहमीचीच.

तयार बुशचे वजन साधारण ३२२ ग्रॅम भरते. नवखा माणूस या वजनाला पोलादाच्या दराने गुणतो आणि तिथेच फसतो, कारण कारखाना बुश विकत घेत नाही, बार घेतो. गोल बारचे वजन काढण्याचा हिशेब वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ असतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे किलो मिळतात. ४० मिमीला ते ९.८७७ किलो येते, म्हणजे ३ मीटरचा बार २९.६३ किलोचा.

या बारमधून नग किती निघतात? दोन्ही तोंडांना फेसिंगसाठी एकेक मिलिमीटर धरून तुकडा ५२ मिमीचा कापावा लागतो. बँडसॉचे पाते दर कापाला आणखी २ मिमी खाते. म्हणजे नगामागे ५४ मिमी गेले. ५४ तुकडे कापून झाल्यावर ८४ मिमी उरतात. कागदावर त्यातून आणखी एक नग निघतो, पण तो कापायला गेले तर व्हाइसला धरायला जेमतेम ३० मिमी राहतात आणि तेवढ्यावर बार धरला जात नाही. तेव्हा तो तुकडा भंगारातच जातो. शिवाय बारमागे एखादा नग मापात बसत नाही. असे मानले की एका बारमधून चांगले ५३ बुश मिळतात.

मग हिशेब नगाऐवजी बारचा मांडलेला सोयीचा. बारचा दर किलोला ८० रुपये, वाहतुकीसह आणि जीएसटी वगळून. भरलेला कर परत मिळत असल्याने तो खर्चात येत नाही. बार पडला २,३७० रुपयांना. त्यातले सुमारे साडेबारा किलो पोलाद बुशमध्ये जातच नाही. त्यापैकी बुरादा, उरलेला तुकडा आणि बाद नग मिळून १२ किलो भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि किलोला २५ रुपयांप्रमाणे ३०० रुपये परत येतात. उरलेल्या २,०७० रुपयांना ५३ ने भागले की एका बुशचा माल पडतो ३९.०६ रुपये. भंगाराची ही रक्कम इथेच वजा झालेली बरी. ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून वेगळी पडत राहिली, तर ज्या नगाचा बुरादा जास्त त्याला त्याचे श्रेय कधीच मिळत नाही.

वेळ मोजणे याहून नाजूक. घड्याळ घेऊन माणूस यंत्राशेजारी उभा राहिला की ऑपरेटरचा हात आपोआप जपून चालतो, कारण आज लिहिलेला वेळ पुढे वर्षभर त्याच्याच गळ्यात पडणार असतो. म्हणून अनुभवी माणूस घड्याळ सुरू करण्याआधी फीड ओव्हरराइडचा नॉब पाहतो. तो १०० ऐवजी ८० वर असेल, तर प्रोग्रॅम तोच राहूनही कापणी सावकाश होते. नॉब जागेवर आणून घेतलेल्या मोजणीत दोन्ही बाजूंची कापणी १३० सेकंदांची निघाली आणि बुश चकमध्ये धरणे, उलटणे, काढणे याला ३० सेकंद लागले असे समजू. यंत्राचे १३० सेकंद जसेच्या तसे घ्यायचे, कारण यंत्र माणसाच्या उत्साहाने धावत नाही. हाताच्या कामाला मात्र वेगाची पारख लावतात. मोजणी झाली तो ऑपरेटर सर्वसाधारण कामगारापेक्षा दहा टक्के चपळ वाटला, तर ३० चे ३३ सेकंद धरायचे. एकूण १६३ झाले. त्यावर पाणी-लघवी, थकवा, इन्सर्टची धार बदलणे, अधूनमधून व्हर्नियर लावून बघणे यासाठी दहा टक्के सवलत दिली की १८० सेकंदांच्या, म्हणजे ३ मिनिटांच्या आसपास आकडा येतो.

तो अजून पुरा झालेला नाही. बाद झालेल्या नगानेही वेळ खाल्लेला असतो, म्हणून ५३ नगांवर ५४ नगांचा वेळ चढवला की ३.०६ मिनिटे होतात. शिवाय जॉब लावायला, म्हणजे जॉज बदलणे, टूल बसवणे आणि पहिला नग पास करून घेणे याला दोन तास जातात. एका लॉटमध्ये ५०० नग असतील तर हे सेटिंग नगामागे ०.२४ मिनिट पडते. बुशचा प्रमाण वेळ ठरला ३.३ मिनिटे. हा आकडा ५०० च्या लॉटचा आहे हे प्रमाणपत्रकावर लिहून ठेवले पाहिजे. ग्राहकाने शंभर-शंभर नग मागवायला सुरुवात केली की सेटिंग १.२ मिनिटांवर जाते आणि पुढे काढलेल्या दरांनी नगाचा खर्च सुमारे ७ रुपयांनी चढतो. त्यात ऑपरेटरचा काहीच दोष नसतो.

मजुरीचा दर काढताना महिन्याचा पगार पूर्ण तासांनी भागण्याचा मोह होतो. पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयमधला मालकाचा वाटा, बोनस असे सगळे धरून ऑपरेटर महिन्याला २४,००० रुपयांना पडत असेल, तर २६ दिवसांच्या २०८ तासांनी भागल्यावर तास ११५ रुपयांचा दिसतो. पण पगारी रजा, सणाच्या सुट्ट्या आणि चहाच्या वेळा काढल्या तर यंत्रापाशी मिळतात सरासरी १८० तास. खरा दर १३३ रुपयांचा. ३.३ मिनिटांची मजुरी झाली ७.३३ रुपये.

आता वरकड खर्च, आणि खरी गफलत होते ती इथे. पूर्वी तो मजुरीवर टक्केवारीने लादत. हाताने होणाऱ्या कामाला ते ठीक होते. लाखोंच्या यंत्रावर मात्र माणूस नुसता नग बदलत असेल, तर मजुरी हे यंत्राच्या खर्चाचे माप होऊच शकत नाही. म्हणून यंत्राचा तासाचा दर काढतात. हे यंत्र २४ लाखांचे आणि दहा वर्षे चालणारे धरले तर वर्षाचा घसारा २.४ लाख. देखभाल ६० हजार. शेडचे भाडे, सुपरवायझर, तपासणी, बँडसॉ आणि त्यावरचा माणूस यांतला या यंत्राचा वाटा ४.२ लाख. असा स्थिर खर्च ७.२ लाख झाला. याखेरीज यंत्र चालेल तेव्हाच होणारा वीज, इन्सर्ट आणि कूलंटचा खर्च तासाला १०० रुपये.

७.२ लाखांना किती तासांनी भागायचे, यावर सगळे ठरते. यंत्र दिवसरात्र चालेल असे मानून ३०० दिवसांचे ७,२०० तास धरले, तर दर २०० रुपये येतो आणि बुशवर ११ रुपये पडतात. एकाच पाळीचे १,८०० तास धरले तर दर ५०० आणि बुशवर साडेसत्तावीस. पहिला आकडा घेऊन कोटेशन दिले की ऑर्डर मिळते पण शेडचे भाडे निघत नाही. दुसरा घेतला तर ऑर्डरच मिळत नाही. योग्य उत्तर आहे नेहमीची क्षमता: दोन पाळ्यांचे ४,५०० तास, त्यातून बिघाड, देखभाल आणि बरीवाईट वर्षे मिळून काम नसलेला वेळ असा पाचवा हिस्सा वजा, म्हणजे ३,६०० तास. स्थिर खर्च तासाला २००, चालण्याचा १००, दर ३००, आणि बुशवर १६.५० रुपये. मंदीच्या वर्षात यंत्र रिकामे राहिले तरी हा दर वाढवायचा नाही. रिकाम्या यंत्राचा भार उरलेल्या नगांवर टाकला की ते महाग दिसतात, भाव वाढवला जातो आणि आहे ते कामही जाते.

माल ३९.०६, मजुरी ७.३३ आणि वरकड १६.५० मिळून बुशचा प्रमाण खर्च ६२.८९ रुपये. कार्यालय, विक्री आणि नफा यापुढचे.

आकडा तयार झाल्यावर त्याचा उपयोग कसा होतो ते एका महिन्यात दिसते. ५,३०० बुश काढायचे आहेत, म्हणजे १०० बार, २,९६३ किलो, २,३७,०४० रुपये. ४० मिमीचा बार बाजारात मिळेना म्हणून खरेदी खात्याने ४२ मिमीचा उचलला, तोही किलोला ७८ रुपयांनी. दर दोन रुपयांनी कमी, म्हणून खरेदी खाते खूश. पण ४२ मिमीचा ३ मीटरचा बार ३२.६७ किलोचा असतो. १०० बारना ३,२६७ किलो लागले आणि बिल झाले २,५४,८२६ रुपयांचे. फरक दोन भागांत फोडला की चित्र उलगडते. दरात ६,५३४ रुपये वाचले. वापरात ३०४ किलो जादा गेले, म्हणजे प्रमाण दराने २४,३२० रुपयांचा तोटा. निव्वळ १७,७८६ रुपये जास्त. जादा बुराद्याचे ७,६०० परत आले तरी दहा हजारांवर खड्डा राहतो, आणि जास्त माल कापायला लागलेला वेळ वेगळाच. फरक फोडला नसता तर बोल शॉप फ्लोअरला लागला असता.

प्रमाणच चुकले असेल तर तेही याच फरकांत दिसते. फरक कधी इकडे कधी तिकडे जात असेल तर ते कामातले चढउतार. वेळ दर महिन्याला एकाच बाजूला, जवळपास तेवढाच जास्त लागत असेल, तर सहसा कामगार आळशी नसतो, घड्याळाची मोजणी जुनी झालेली असते. जिथे फरक कधी येतच नाही, तिथे तपासायची गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष वजन आणि वेळ कोणी लिहितो की प्रमाणाचेच आकडे उतरवून काढतो.

दर साधारणपणे वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाबरोबर बदलतात. पोलादाच्या भावातल्या प्रत्येक हेलकाव्यासाठी नाही. ड्रॉइंग, मालाची प्रत किंवा यंत्र बदलले तर मात्र मार्चची वाट पाहायची नसते. शिल्लक मालाचे मूल्यही प्रमाण खर्चाने धरता येते. भारतातले हिशेबाचे मानक, एएस २, त्याला मुभा देते, पण निकाल प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असला पाहिजे आणि प्रमाणे वेळोवेळी तपासलेली असली पाहिजेत. पोलाद वर्षभरात बरेच चढले आणि गोदामातले बुश ६२.८९ नेच पडून राहिले, तर ताळेबंद करताना तो फरक विकलेल्या आणि शिल्लक नगांत वाटून द्यावा लागतो.