पाव टक्क्याची किंमत

समजा, 50 लाखांचं गृहकर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं आहे. हप्ता सुमारे 43,391 रुपये, एकूण व्याज साधारण 54.14 लाख. आता पहिल्याच महिन्यात दर फक्त पाव टक्क्याने वाढून पावणेनऊ झाला.

हप्ता वाढवून घेतला, तर तो 44,185 होतो. महिन्याला जेमतेम आठशे रुपये जास्त, पण 240 हप्त्यांत व्याज 1.9 लाखांनी वाढतं.

हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर मात्र गणित बिघडतं. पहिल्या हप्त्यातून मुद्दलात 7,974 रुपये जायचे, ते आता 6,933 च जातात. मुद्दल हळू फिटतं, म्हणून त्यावर व्याज चढत राहतं. कर्ज वर्षभराहून थोडं जास्त लांबतं आणि जादा व्याज होतं सुमारे 5.4 लाख! खिशाला न जाणवणारा पर्याय असा महाग पडतो. कर्ज बरंच फिटल्यावर दर वाढला, तर फटका अर्थातच कमी.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. बँकेचं पत्र आलं की उरलेल्या हप्त्यांची संख्या आधी पाहा.