पर्प्लेक्सिटी २५६ की ५.६६? मराठी मॉडेलचा आकडा वाचण्याआधी तुकडे मोजा

‘आमच्या मराठी मॉडेलची पर्प्लेक्सिटी सगळ्यात कमी!’ अशी पोस्ट आणि खाली दोन रंगांचा तक्ता तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येईल. पर्प्लेक्सिटी जितकी कमी तितकं भाषेचं मॉडेल चांगलं, असा नियम आहे आणि तो खराही आहे. पण त्याला एक अट आहे आणि तक्त्यात ती बहुतेकदा लिहिलेली नसते. (याच नावाचं एक सर्च अ‍ॅपही आहे, त्याचा इथे संबंध नाही.)

हे माप जुनं आहे. आयबीएममध्ये आवाज ओळखण्यावर काम करणाऱ्या फ्रेडरिक जेलिनेक आणि सहकाऱ्यांनी ते १९७७ साली मांडलं. कल्पना सोपी आहे. मॉडेलला वाक्याचा एकेक तुकडा दाखवत जायचा आणि प्रत्येक वेळी पाहायचं, की खरोखर पुढे आलेल्या तुकड्याला त्याने आधी किती शक्यता दिली होती. समजा तीन तुकड्यांना त्याने अनुक्रमे १/२, १/४ आणि १/८ शक्यता दिली. गुणाकार १/६४. तुकडे तीन, म्हणून ६४ चं घनमूळ काढायचं : ४. ही झाली पर्प्लेक्सिटी. म्हणजे मॉडेल प्रत्येक पावलावर सरासरी जणू चार सारख्याच पर्यायांत अडकलं होतं. फासा टाकताना आपण सहांत अडकतो, तसंच.

गोम आहे ती ‘तुकडा’ या शब्दात. तुकडा म्हणजे पूर्ण शब्द असेलच असं नाही. मजकूर मॉडेलकडे जाण्याआधी टोकनायझर नावाचा प्रोग्राम त्याचे टोकन पाडतो आणि प्रत्येक मॉडेलचा टोकनायझर आपापल्या पद्धतीने कापतो.

‘आज पाऊस पडेल’ हे वाक्य घ्या. एक टोकनायझर त्याचे तीन शब्द करेल. दुसरा प्रत्येक चिन्ह सुटं करेल, काना-मात्रा आणि मधल्या जागांसकट : १२ तुकडे. तिसरा थेट बाइटपर्यंत जाईल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि मधल्या जागेला १, म्हणून ३२ तुकडे.

आता समजा तिन्ही मॉडेलांनी या अख्ख्या वाक्याला अगदी सारखीच शक्यता दिली, सुमारे १ कोटी ६८ लाखांत एक. भाषेची जाण तिघांची सारखीच. पण पर्प्लेक्सिटी काढताना पहिल्याला घनमूळ, दुसऱ्याला बारावं मूळ आणि तिसऱ्याला बत्तिसावं मूळ लागतं. उत्तरं येतात २५६, ४ आणि १.६८.

बाइटवाल्याचा आकडा इतका खाली का, ते देवनागरीच्या रचनेतच दिसतं. आपल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट E0 असतो आणि दुसरा A4 किंवा A5. मराठी मजकूर चालू आहे हे एकदा कळलं, की तीनपैकी पहिला बाइट ओळखणं म्हणजे फुकटचे मार्क. असे सोपे तुकडे सरासरी खाली ओढतात.

यातून थेट उलटा निकालही लागू शकतो. समजा १२ तुकडे करणारं मॉडेल खरंच कच्चं आहे आणि त्याने या वाक्याला फक्त १०७ कोटींत एक शक्यता दिली, म्हणजे शब्दवाल्या मॉडेलच्या चौसष्टाव्या हिश्शाइतकी. तरी त्याची पर्प्लेक्सिटी येते ५.६६. तक्त्यात २५६ शेजारी ५.६६ दिसलं, की लाइक कोणाला मिळतील ते सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे ज्याने भागायचं ती संख्या टोकनायझरवर अवलंबून ठेवायची नाही. अख्ख्या वाक्याची शक्यता किती वेळा अर्धी झाली ते मोजायचं. त्याला बिट म्हणतात. शब्दवाल्या मॉडेलचे २४ बिट, कच्च्या मॉडेलचे ३०. दोन्ही आकड्यांना मूळ मजकुराच्या ३२ बाइटनी भागलं, की ०.७५ आणि ०.९४ मिळतात. आता खरा क्रम दिसतो. २०१९ साली जीपीटी-२ च्या शोधनिबंधातही काही चाचण्यांचे निकाल असे प्रतिबाइट बिटमध्येच दिले होते.

मात्र हे मापही एकाच मजकुरापुरतं वापरायचं. मराठी आणि इंग्रजीची तुलना प्रतिबाइट केली, तर मराठी उगाच सोपी वाटेल, कारण इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो आणि आपल्या चिन्हाला तीन. तिथे एकाच मजकुराची दोन्ही भाषांतली भाषांतरं घेऊन, कशानेही न भागता, एकूण बिट शेजारी ठेवणं जास्त बरं.

त्यामुळे अशी पोस्ट दिसली, की खाली दोनच गोष्टी विचारा : दोन्ही मॉडेलांना मजकूर एकच दिला होता का, आणि त्याचे टोकन कोणाचे किती झाले? एवढं कळलं तर बिट घरीही काढता येतात. पर्प्लेक्सिटी ४ म्हणजे प्रत्येक तुकड्याला २ बिट. १२ तुकडे म्हणजे २४.